आधी वजनकाटा आणा, टाकीचं मग पाहू

सोसायटीत बायोगॅस बसवायचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "भाऊ, गॅस किती घरांना पुरेल?" दुसरा प्रश्न, "सबसिडी किती?" तिसरा प्रश्न कोणी विचारतच नाही, आणि खरं तर तोच पहिला पाहिजे. आपल्या सोसायटीतून रोज ओला कचरा निघतो तरी किती किलो?

माझं मत सरळ सांगतो. वाशिम, कारंजा, रिसोडसारख्या आपल्या गावांत तीस-चाळीस फ्लॅटच्या इमारतीला स्वयंपाकघरातल्या कचऱ्यावरचा बायोगॅस चालतो. पण फ्लॅट मोजून टाकी घेतली, आणि "सगळ्यांचा गॅस फुकट" म्हणून सभासदांना तयार केलं, तर तो प्रकल्प वर्षभरात बंद पडणार. टाकी तशीच उभी राहील, वर पाईप लोंबकळेल, आणि पुढची दहा वर्षं कोणी सोसायटीत कचऱ्याचं नाव काढणार नाही. म्हणून हिशोब आधी.

हे तंत्र आपल्याकडे नवं नाही. पुण्याच्या आरती संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी शेणाऐवजी खरकट्यावर, पिठावर चालणारा छोटा संच तयार केला. प्लास्टिकच्या दोन टाक्या, एकीत दुसरी उपडी, एवढी साधी रचना. 2006 साली त्याला ॲश्डेन पुरस्कार मिळाला. त्यांचं म्हणणं होतं की पिष्टमय पदार्थांपासून शेणाच्या मानाने कितीतरी लवकर आणि जास्त गॅस मिळतो. ते खरंच आहे. पण लोकांनी पिठाचा हिशोब उचलला आणि तो भेंडीच्या देठांना लावला, इथे घोटाळा झाला. पिठात पाणी नसल्यातच जमा. भाजीच्या सालींत, टरबुजाच्या फोडींत दहात नऊ भाग पाणीच असतं. जंतू पाणी खात नाहीत, ते आतला कोरडा भाग खातात. म्हणून एक किलो शिळ्या पोळ्या आणि एक किलो काकडीच्या साली यांचं वजन सारखं असलं तरी गॅस सारखा निघत नाही.

आता हिशोब करून पाहू. समजा, आपली चाळीस फ्लॅटची इमारत आहे. त्यातले चौतीस फ्लॅट भरलेले, बाकी बंद, कारण मालक गावी नाहीतर पुण्याला. सात दिवस सगळ्यांचा ओला कचरा वेगळा घ्यायचा, त्यातून नको ते काढायचं आणि उरलेलं काट्यावर ठेवून वहीत लिहायचं. सात दिवसच का? कारण सोमवार आणि रविवार सारखे नसतात. सोमवारी सोळा किलो भरेल, तर रविवारी सत्तावीस. समजा आठवड्याचे 140 किलो झाले, म्हणजे सरासरी रोज 20 किलो. हा आकडा हातात आला की पुढचं सगळं त्यावर बसतं.

"नको ते" म्हणजे काय, तेही सांगतो. नारळाची शेंडी आणि करवंटी, आंब्याची कोय, हाडं, अंड्याची टरफलं, कांद्याची कोरडी सालं हे टाकीत कुजत नाही, तळाशी बसतं किंवा वर तरंगतं. लिंबू-संत्र्याच्या सालीतलं तेल जंतूंना बाधतं, म्हणून संत्र्याच्या मोसमात साली सरळ खताच्या खड्ड्यात टाकाव्यात. खराब झालेलं लोणचं नको, त्यातलं मीठ बाधतं. फिनाईल किंवा संडास धुण्याचं ॲसिड लागलेलं तर काहीच नको.

आता टाकी. बरेच विक्रेते असा हिशोब सांगतात: 20 किलो कचरा, त्यात 20 लिटर पाणी, झाला 40 लिटर काला. तो चाळीस दिवस टाकीत राहायला पाहिजे, म्हणजे 1600 लिटरची टाकी पुरे. हा हिशोब शेणाच्या संचावरून आलेला आहे. शेण आधीच गाईच्या पोटातून अर्धं पचून येतं, म्हणून ते टाकीला सोसतं. स्वयंपाकघरातला कचरा झपाट्याने आंबतो. त्याच्यासाठी दुसरा हिशोब लावावा लागतो, तो म्हणजे टाकीला रोज किती कोरडा खुराक सोसेल. आपल्या 20 किलोंत कोरडा भाग साधारण 4 किलो. मधूनमधून हाताने हलवायच्या साध्या टाकीला दर 1000 लिटरमागे रोज एक ते सव्वा-दीड किलो कोरडा खुराक झेपतो, त्याच्यावर धोका. म्हणजे 4 किलोंना 3000 ते 4000 लिटर लागतात. आणि हे टाकीवर छापलेले लिटर नव्हेत, आत प्रत्यक्ष काला जेवढा राहतो तेवढे.

दोन हिशोबांत मोठा आकडा येईल तो धरायचा. टाकी थोडी मोठी झाली तर पैसे आणि जागा जास्त जाते, बाकी काही बिघडत नाही. लहान झाली तर ती आंबते आणि बंद पडते. कोटेशन देणाऱ्याला एवढं एकच विचारा, "तुमच्या हिशोबात दर हजार लिटरला रोज किती किलो कचरा धरला?" सहा-सात किलो म्हणाला तर माणूस जाणता आहे. बारा-पंधरा म्हणाला तर चहा पाजा आणि निरोप द्या.

रविवारच्या सत्तावीस किलोंसाठी मोठी टाकी घ्यायची गरज नाही. वीस आत, सात शेजारच्या खताच्या खड्ड्यात. बायोगॅसच्या बाजूला खड्डा पाहिजेच, तो का ते पुढे येईल.

आणि कोणी कायद्याची भीती घालून मोठा संच गळ्यात मारत असेल तर एक लक्षात ठेवा. 2016 च्या घनकचरा नियमांनी ज्यांना मोठे कचरा निर्माते म्हटलं, त्यांची मर्यादा रोजच्या सरासरी 100 किलोंच्या वर होती. वीस किलो ओला कचरा काढणारी इमारत त्या मापापासून लांब आहे. तसंच भाभा अणुसंशोधन केंद्राचा 'निसर्गऋण' प्रकल्प चांगलाच आहे, पण तो मोठ्या वसाहतीच्या, बाजाराच्या, टनाच्या हिशोबातल्या कचऱ्यासाठी. आपल्या वीस किलोंना तो कशाला?

आता सगळ्यांच्या आवडीचा विषय, गॅस. आपल्या मिश्र कचऱ्याच्या 20 किलोंतून रोज साधारण दीड घनमीटर गॅस धरावा. शिळं अन्न जास्त असेल तर थोडा जास्त, पालेभाजीच जास्त असेल तर कमी. एक घनमीटर बायोगॅस म्हणजे साधारण 450 ग्रॅम एलपीजी. दीड घनमीटर म्हणजे रोज पावणेसातशे ग्रॅमच्या आसपास, महिन्याला 20 किलो, म्हणजे 14.2 किलोंचे दीड सिलिंडरसुद्धा पूर्ण नाहीत.

एक बायोगॅस शेगडी तासाला साधारण 0.45 घनमीटर गॅस खाते. म्हणजे दीड घनमीटरवर एक शेगडी दिवसाला सव्वातीन तास चालेल. हे चौतीस घरांत वाटा. एका घराच्या वाट्याला सहा मिनिटं! सहा मिनिटांसाठी चौतीस घरांत पाईप, चौतीस व्हॉल्व्ह, चौतीस भांडणं. शिवाय या गॅसला दाब अगदी कमी असतो, लांब आणि बारीक पाईपमधून तो वरच्या मजल्यापर्यंत पोचेपर्यंत ज्योत मान टाकते.

म्हणून माझं ठाम म्हणणं आहे, गॅस एकाच ठिकाणी द्या. चौकीदाराचं कुटुंब आवारात राहत असेल तर त्यांना द्या. त्यांचा दोन वेळचा स्वयंपाक सव्वातीन तासांत आरामात होतो. नाहीतर खाली एखादी खानावळ किंवा चहावाला असेल तर त्याला द्या. आणि मी तर म्हणेन, ज्याच्या हातात टाकी चालवायचं काम, त्याच्याच चुलीला गॅस. टाकी नीट चालली नाही तर पहिल्यांदा त्याचा स्वयंपाक अडतो, त्यामुळे लक्ष आपोआप राहतं. दुसऱ्या कोणत्याही देखरेखीपेक्षा हे पक्कं.

शेगडी बायोगॅसचीच घ्या. एलपीजीच्या शेगडीचं छिद्र बारीक असतं, त्यावर हा गॅस नीट पेटत नाही. दिवसातून दोनदा गॅस वापरला जाणार असेल तर वरची टोपी एक घनमीटरची पुरते, कारण सगळा गॅस एकाच वेळी साठवायचा नसतो. पाईपला उतार द्या आणि सर्वांत खालच्या जागी पाणी काढायची तोटी ठेवा. गॅसबरोबर वाफ येते, तिचं पाणी पाईपमध्ये साचतं आणि मग ज्योत फडफडायला लागते. लोक टाकी बिघडली म्हणून मिस्त्रीला बोलावतात, आणि दोष निघतो वाटीभर पाण्याचा.

आता आपल्या मातीची गोष्ट. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा जमिनीत विटा-सिमेंटचा घुमट बांधला तर माती त्याला दरवर्षी ढकलते आणि ओढते. केसाएवढी चीर पडली तरी गॅस निसटतो, आणि ती चीर डोळ्यांना दिसत नाही. म्हणून छोट्या संचासाठी प्लास्टिकची किंवा फायबरची टाकी बरी, तीसुद्धा काळी माती काढून, मुरूम भरून, दाबून, वर ओटा करून त्यावर. शक्य असेल तर टोपीभोवती पाण्याचा कप्पा असलेली रचना घ्या. साध्या रचनेत दोन टाक्यांमधल्या फटीतून थोडा गॅस सुटतो, वास येतो आणि मग पहिल्या मजल्यावरच्या काकू कमिटीला सोडत नाहीत.

या जंतूंना साधारण 35 अंशांचं तापमान मानवतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा 42 च्या वर जातो आणि उन्हातली काळी टाकी त्याहून तापते, तेव्हा हिरवी जाळी टाकून सावली करावी. डिसेंबर-जानेवारीत रात्री दहा-बारा अंशांपर्यंत उतरतात, तेव्हा जाळी काढावी आणि खुराकसुद्धा थोडा कमी करावा. थंडीत गॅस कमी येणं हा बिघाड नाही. "गॅस कमी आला म्हणून कचरा जास्त टाकला" हा मात्र बिघाड.

सुरुवात फेब्रुवारीच्या शेवटी, ऊन चढायला लागलं की करावी. थंडीत सुरू केलेली टाकी लवकर लागत नाही. पाचशे-सहाशे किलो ताजं शेण, माती-काडी नसलेलं, तेवढ्याच पाण्यात कालवून टाकीत भरायचं आणि वर पाणी भरून पातळी करायची. मग दोन ते चार आठवडे काहीही टाकायचं नाही. हे सांगायला सोपं आणि पाळायला फार अवघड, कारण टाकी आली की लोकांना त्याच दिवशी खरकटं टाकायचं असतं. पहिल्यांदा भरलेली टोपी न पेटवता हवेत सोडून द्यायची, तिच्यात हवा मिसळलेली असते आणि ती भडकू शकते. दुसऱ्यांदा भरली की शेगडीवर पेटवून पाहायची. पाईपच्या तोंडाशी किंवा टाकीजवळ काडी ओढायची नाही, कधीच नाही.

ज्योत निळी आणि स्थिर लागली की रोज दोन किलोपासून सुरुवात. दर आठवड्याला दोन किलो वाढवायचे. वीस किलोंवर यायला दहा आठवडे लागतात. तोवर उरलेला कचरा खड्ड्यात. जो विक्रेता "आठ दिवसांत पूर्ण चालू" म्हणतो, त्याला बिल पाहिजे, आपल्याला गॅस.

रोजचं काम पाऊण ते एक तासाचं. कचरा पुन्हा एकदा निवडायचा, बारीक करायचा, तेवढंच पाणी घालून काला करायचा आणि सोडायचा. बारीक म्हणजे बोराएवढे तुकडे, त्याहून मोठे नको. मोठे तुकडे वर येऊन जाड थर धरतात आणि गॅस खालीच अडतो. सकाळ-संध्याकाळ टोपी हाताने चार-सहा वेळा फिरवली की थर मोडतो.

पाण्याचा प्रश्न आपल्याकडे नेहमीचाच. उन्हाळ्यात टँकरकडे डोळे लावून बसणाऱ्या सोसायटीला रोज 20 लिटर टाकीत ओता म्हटलं तर लोक चिडतील, आणि बरोबर चिडतील. त्यावर उपाय आहे. बाहेर पडलेल्या स्लरीचं वरचं पातळ पाणी अर्धं आणि नवं पाणी अर्धं असं वापरा. पूर्ण जुनंच पाणी मात्र फिरवू नका, त्यात अमोनिया आणि क्षार साठत जातात.

आणि आता टाकी कशी मरते ते. ती हळूहळू मरत नाही, सणाला मरते. महालक्ष्म्यांचं जेवण झालं, सोळा भाज्या, पुरणपोळ्या, कढी, भात, आणि दुसऱ्या दिवशी साठ किलो उरलेलं अन्न दारात. "टाका ना टाकीत, अन्नाचा गॅस चांगला होतो." टाकलं. आत जंतूंच्या दोन टोळ्या असतात. पहिली अन्नाचं आम्ल करते, दुसरी त्या आम्लाचा गॅस करते. पहिली टोळी झपाट्याने वाढते, दुसरी सावकाश. एकदम अन्न पडलं की आम्ल साठतं, आणि त्या आम्लातच दुसरी टोळी बसून जाते.

हे ओळखायचं कसं? पहिली खूण फसवी असते. टोपी नेहमीपेक्षा वर येते आणि सगळे खूश होतात. पण शेगडी पेटवली की ज्योत धरत नाही, विझते, कारण वर आलेला वायू बराचसा कार्बन डायऑक्साइड असतो. दुसरी खूण वासाची. निरोगी टाकीला शेणासारखा मवाळ वास असतो, आंबलेल्या टाकीला आंबट, नाकात जाणारा. तिसरी खूण पीएचच्या कागदी पट्टीची, ती पट्टी स्वस्त मिळते. बाहेर येणाऱ्या स्लरीत बुडवली आणि 7 च्या आसपास आली तर ठीक. 6.5 च्या खाली गेली तर त्या क्षणापासून खुराक बंद. पट्टी आठवड्यातून एकदा बुडवावी आणि आकडा त्याच वहीत लिहावा.

उपाय साधा आहे, पण धीर पाहिजे. आठ-दहा दिवस काहीच टाकायचं नाही. रोज एक बादली ताज्या शेणाचा काला सोडायचा. पट्टी फारच खाली असेल तर खायचा सोडा थोडा थोडा पाण्यात विरघळवून घालायचा, एकदम नाही. ज्योत परत निळी झाली की पुन्हा दोन किलोपासून सुरुवात. टाकी दुरुस्त करायला कोणीही आत उतरायचं नाही, माणूस नाही, पोरगं नाही, "मी पाहतो" म्हणणारा शूर सभासद तर मुळीच नाही. आतल्या वायूने माणूस बघता बघता बेशुद्ध पडतो आणि वाचवायला उतरलेलाही तिथेच राहतो.

राहिली स्लरी. जेवढं आत तेवढंच बाहेर, रोज जवळपास 40 लिटर. गॅसवर सगळे बोलतात, या दोन कॅनवर कोणी बोलत नाही. ती नालीत सोडली तर आठ दिवसांत वास, डास आणि नगरपरिषदेत तक्रार. आवारातली झाडं आठ-दहा असतील तर पाळीपाळीने, पाणी मिसळून देता येते. पावसाळ्यात जमीन पाण्याने भरलेली असते, तेव्हा ती खताच्या खड्ड्यात वाळलेल्या पाल्यावर टाकायची. म्हणून तो खड्डा पाहिजे असं वर म्हणालो. आणि आपल्या गावात एक सोय आहे जी मुंबई-पुण्याला नाही. आपल्या सोसायटीतल्या कितीतरी घरांची शेती दहा-पंधरा किलोमीटरवर आहे आणि शेताची फेरी ठरलेलीच असते. येताना भाजी आणतात, जाताना दोन कॅन स्लरी नेता येते. पण हे "नेऊ ना" असं तोंडी नको. कोणता वार कोणाचा, हे संच घेण्याआधी कागदावर पाहिजे.

आता पैशाचं खरं बोलू. महिन्याला दीड सिलिंडरपेक्षा कमी गॅस मिळणार. सिलिंडरचा आजचा भाव तुम्हीच लावा. रोज एक तास काम करणाऱ्या माणसाचा मेहनताना त्या गॅसपेक्षा जास्त होईल. म्हणजे गॅस विकून प्रकल्पाचे पैसे फिटणार नाहीत, आणि तसं सांगून तो मंजूर करून घेऊ नये. आपल्याला मिळतं ते वेगळं. रोजचा 20 किलो ओला कचरा गेटबाहेर जात नाही, तिथे कुत्री-डुकरं जमत नाहीत, एका कुटुंबाची चूल चालते आणि शेताला खत जातं. एवढ्यासाठी प्रत्येक घराने महिन्याला थोडे पैसे द्यावेत का, हा खरा प्रश्न आहे. माझं उत्तर "हो" आहे. तुमचं "नाही" असेल तर तेही चालेल, मग फक्त खताचा खड्डा करा, तो स्वस्त आहे आणि रुसत नाही. पण अर्धवट "हो" म्हणून टाकी आणू नका.

म्हणून आमसभेत ठराव "बायोगॅस बसवावा" असा नको. ठरावात चार गोष्टी नावानिशी लिहा: सात दिवसांचं सरासरी वजन किती आलं, टाकी रोज कोण चालवणार आणि त्याला महिन्याला किती देणार, गॅस कोणाच्या चुलीला जाणार, आणि स्लरी कोणत्या वारी कोण नेणार. चारही जागा भरल्या तर कोटेशन मागवा. एकही रिकामी राहिली तर सभा पुढे ढकला.

तुमच्या इमारतीत कोणी सात दिवस वजन केलं तर आकडा खाली लिहा, भरलेली घरं किती तेही लिहा. दहा-बारा इमारतींचे खरे आकडे जमले, तर पुढच्या वेळी विक्रेत्यासमोर बसताना आपल्या हातात त्याच्या माहितीपत्रकापेक्षा पक्का कागद असेल.